कपड्यांच्या लिस्टिंगचं मराठी भाषांतर: माप, कापड आणि धुण्याच्या सूचना (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांची इंग्रजी लिस्टिंग मराठीत आणताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच कपडा घेतला आहे: एक विणलेला स्वेटर. त्याच्या इंग्रजी लिस्टिंगमध्ये एवढंच लिहिलेलं आहे: सॉफ्ट वूल स्वेटर, चेस्ट २० इंच, लेंग्थ २६ इंच, हँड वॉश कोल्ड, ड्राय फ्लॅट, कूल आयर्न ऑन रिव्हर्स, डू नॉट टंबल ड्राय.

भाषांतराला बसण्याआधी हातात काय असायला हवं?

फक्त लिस्टिंगचा मजकूर पुरत नाही. तो कपडा विकण्यासाठी लिहिलेला असतो, त्यामुळे त्यात मोजमापाची पद्धत सहसा गाळलेली असते. विक्रेत्याकडून दोन गोष्टी मागून घ्या. पहिली, कपड्याच्या आत शिवलेल्या लेबलचा फोटो, दोन्ही बाजूंचा. दुसरी, कारखान्याचा माप-तक्ता, ज्यात प्रत्येक माप कुठून कुठपर्यंत घेतलं हे लिहिलेलं असतं.

आपल्या स्वेटरच्या लेबलवर ७०% अ‍ॅक्रिलिक, ३०% वूल असं आहे आणि लिस्टिंगमध्ये मात्र ‘सॉफ्ट वूल’. अशी विसंगती सापडली की भाषांतरकाराने स्वतः निवाडा करू नये, विक्रेत्याला लेखी विचारावं. मराठीत गुपचूप दुरुस्ती केली तर एकाच कपड्याची दोन वर्णनं बाजारात फिरतात. त्यापेक्षा मूळ इंग्रजीच दुरुस्त व्हायला हवं.

‘चेस्ट २० इंच’ म्हणजे ‘छाती २० इंच’ असंच लिहायचं ना?

नाही, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. वीस इंच छातीचा मोठा माणूस नसतो. हे माप कपडा टेबलावर सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत घेतलेलं आहे. म्हणजे ते अर्धं माप आहे, आणि स्वेटरचा छातीचा पूर्ण घेर त्याच्या दुप्पट, ४० इंच.

पण मराठीत ‘छाती ४० इंच’ एवढंच लिहिलं तरी भागत नाही. वाचणारा आपल्या अंगाचं माप डोळ्यांसमोर ठेवून वाचतो. ज्याची छाती ४० आहे तो हा स्वेटर मागवेल आणि तो अंगाला चिकटून बसेल. कपडा अंगापेक्षा काही इंच सैल ठेवलेला असतो. किती, ते कपड्याच्या प्रकारावर आणि कटवर ठरतं. आपल्या स्वेटरच्या तक्त्यात ही सैली ४ इंच दिलेली आहे. म्हणजे तो ३६ इंच छातीच्या माणसाला जसा बसायला हवा तसा बसेल.

त्यामुळे मराठी लिस्टिंगमध्ये दोन वेगळ्या ओळी ठेवा: ‘अंगाचं माप (छातीभोवती टेप धरून): ३६ इंच’ आणि ‘कपड्याचं माप (छातीचा पूर्ण घेर): ४० इंच’. विक्रेत्याकडे सैलीचा आकडा नसेल तर फक्त कपड्याचं माप द्या, पण ते कपड्याचं आहे हे त्याच ओळीत लिहा. अंगाचं माप अंदाजाने ठरवून लिहू नका.

छातीचं अर्धं माप निदान विचित्र दिसतं म्हणून पकडलं जातं. लहान मुलांच्या कपड्यांत ते पकडलं जात नाही, कारण १२ किंवा १३ इंच हा आकडा वाचताना कोणी थबकत नाही. तिथे तक्ता पाहिल्याशिवाय एकही आकडा पुढे नेऊ नका.

बाहीच्या मापातही असा फरक असतो का?

असतो. अमेरिकी पद्धतीच्या फॉर्मल शर्टात बाहीचं माप मानेच्या मागच्या मधोमध हाडापासून सुरू होतं, खांद्यावरून जातं आणि मनगटाशी संपतं. इतर बहुतेक कपड्यांत ते खांद्याच्या शिवणीपासून मनगटापर्यंत असतं. म्हणून एकाच्या शर्टाची बाही ३३ दिसते आणि दुसऱ्याची २४, जरी हात सारखेच लांब असले. ‘बाही’ या शब्दापुढे कुठून कुठपर्यंत ते लिहिलं की प्रश्न मिटतो.

‘लेंग्थ’साठी ‘लांबी’ बरं की ‘उंची’?

शिंपी शर्टाची उंची, पँटची उंची असंच म्हणतात आणि ज्यांनी कपडे शिवून घेतले आहेत त्यांना ते लगेच कळतं. पण ऑनलाइन पानावर शेजारीच ‘मॉडेलची उंची ५ फूट ८ इंच’ अशी ओळ असते. मग ‘उंची २६ इंच’ वाचून नवा गिऱ्हाईक गोंधळतो. म्हणून तक्त्यात ‘कपड्याची लांबी (खांद्याच्या सर्वांत वरच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत)’ असं लिहिणं सुरक्षित. ‘उंची’ हा शब्द माणसासाठी राखून ठेवा.

पँटच्या बाबतीत इनसीम आणि आउटसीम दोन्हींचं मराठी ‘लांबी’च होतं आणि दोन्हींत बराच फरक पडतो. पहिली ‘पायाची आतली लांबी (जांघेच्या शिवणीपासून खाली)’ आणि दुसरी ‘बाहेरची लांबी (कमरेच्या पट्टीपासून खाली)’. हिपसाठी ‘सीट’ हा शिंप्यांचा शब्द चालतो, पण त्याला ‘सर्वांत रुंद भागाभोवती’ अशी जोड द्या. मुंढा, घेर, गळा, खांदा हे शब्द रोजचे आहेत, ते वापरायला लाजू नका. ‘आर्महोलची परिमिती’ वगैरे लिहिलं की वाचणारा पान बंद करतो.

इंचाचे सेंटीमीटर करताना पूर्णांक घ्यायचा का?

आधी हे शोधा की मूळ माप कोणत्या एककात घेतलं होतं. पुष्कळ कारखाने सेंटीमीटरमध्ये मोजतात, लिस्टिंगसाठी कोणीतरी त्याचे इंच करतं आणि मराठीत आणताना आपण पुन्हा सेंटीमीटर करतो. ९० सेंटीमीटर म्हणजे ३५.४ इंच. लिस्टिंगमध्ये ३५ लिहिलं गेलं, आणि त्याचे पुन्हा सेंटीमीटर केले की ८९ येतात. एक सेंटीमीटर असाच गळाला. मूळ तक्ता मिळाला तर तोच आकडा घ्या, गणित करूच नका.

मूळ इंचातच असेल तर २.५४ ने गुणा आणि कपड्याचं माप जवळच्या अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत आणा. ४० इंच म्हणजे १०१.६ सेंटीमीटर, ते १०१.५ लिहा. अंगाच्या मापाचे पट्टे असतील, उदाहरणार्थ ३६ ते ३८ आणि ३८ ते ४०, तर सगळी टोकं एकाच नियमाने बदला. एका पट्ट्याचं वरचं टोक ९६ आणि पुढच्याचं खालचं टोक ९७ असं झालं की मधल्या माणसाने कोणता साइज घ्यायचा? मूळ तक्त्यात टोकं एकमेकांना लागून असतील तर मराठीतही तशीच लागून राहायला हवीत.

दोन छोटे सापळे आणखी. कॉलरचं साडेपंधरा इंच माप इंग्रजी फाइलमध्ये `15 1/2` असं असतं आणि मधली जागा गळाली की ते `151/2` होतं. मराठीत आणताना १५.५ करून टाका. आणि युरोपातल्या फाइलमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम असतो: `1,5` म्हणजे दीड, पंधरा नव्हे.

एम, एल, एक्सएल किंवा यूके १० हे मराठीत कसं लिहायचं?

भाषांतर करू नका. लेबलवर जे छापलं आहे, ते अक्षर न् अक्षर तसंच ठेवा: `M`, `XL`, `UK 10`. ‘मध्यम’, ‘मोठा’ असे शब्द घातले की गिऱ्हाईकाला पार्सलमधल्या लेबलशी ताडून बघता येत नाही, आणि परत पाठवताना कोणता साइज आला होता हेही सांगता येत नाही.

देशोदेशींचे आकडे एकमेकांत बदलणं हे वेगळं काम आहे. बहुतेक तक्त्यांत बायकांचा यूके १० हा अमेरिकेतला ६, जर्मनीतला ३६, फ्रान्समधला ३८ आणि इटलीतला ४२ असतो. पण ही केवळ प्रथा आहे. दोन ब्रँडचे यूके १० एकाच घेराचे असतीलच असं नाही. म्हणून असा तक्ता भाषांतरकाराने स्वतःहून जोडू नये. ब्रँडने दिला असेल तर घ्यावा, आणि प्रत्येक साइजपुढे अंगाचं माप सेंटीमीटरमध्ये असेल याची खात्री करावी. ते असलं की देशाचा आकडा चुकला तरी गिऱ्हाईक सावरतं.

तक्त्यात देवनागरी अंक वापरावेत का?

वाक्यांत खुशाल वापरा. माप-तक्त्यात मात्र लेबलवर जे अंक आहेत तेच ठेवलेले बरे. कारण रोजच्या चुकांचं आहे: देवनागरी ४ हा घाईत इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि १ हा 9 सारखा. एकाच पानावर दोन्ही प्रकारचे अंक मिसळले असतील तर ही चूक नक्की होते. शिवाय काही साइटवरचे मापाचे फिल्टर देवनागरी अंक ओळखत नाहीत. तसं असेल तर तो कपडा शोधात दिसतच नाही.

फाइल भरताना डाव्या बाजूची नावं आणि आकडे यांना हात लावायचा नाही, गिऱ्हाईकाला दिसणारा मजकूरच तेवढा बदलायचा:

```
chest_garment_in: 40
chest_label_mr: "छातीचा पूर्ण घेर (कपड्याचं माप)"
```

‘रेशमी’, ‘लोकरी’, ‘सुती’ हे शब्द वापरायला काय हरकत आहे?

‘सुती’ला फारशी नाही. बाकी दोघांना आहे. ‘रेशमी’ हे मराठीत मुळात रेशमाचं आणि सवयीने नुसतं मऊ, तकतकीत असंही असतं. रेशमी केस म्हणतो तेव्हा कोणी किड्याचा विचार करत नाही. लिस्टिंगच्या शीर्षकात ‘रेशमी टॉप’ लिहिलं आणि आत १००% पॉलिस्टर असलं, तर निम्मे वाचणारे फसले गेल्याच्या भावनेने कपडा परत करतील. स्पर्श सांगायचा असेल तर ‘मऊ, चमकदार’ म्हणा आणि ‘रेशीम’ हा शब्द फक्त तंतूसाठी ठेवा. युरोपीय संघाच्या १००७/२०११ या नियमात नेमकी हीच अट आहे: एका तंतूचं नाव दुसऱ्या तंतूसाठी वापरायचं नाही, विशेषण म्हणूनसुद्धा नाही. तिकडे विकायचं नसलं तरी हा नियम स्वतःला लावून घेण्यासारखा आहे.

‘लोकरी’चंही तसंच. बोलताना कुठलाही विणलेला गरम कपडा लोकरीचा होतो. आपल्या स्वेटरमध्ये लोकर तीनदशांश आहे, तेव्हा शीर्षकात ‘लोकरीचा स्वेटर’ नको. ‘अ‍ॅक्रिलिक-लोकर मिश्र स्वेटर’ असं लिहा. ज्या तंतूचं प्रमाण जास्त तो आधी, हा क्रम लेबलवरही असतो.

सॅटिन, जॉर्जेट, शिफॉन, व्हेलवेट ही कापडांची नावं आहेत, तंतूंची नाहीत. सॅटिन रेशमाचं असतं आणि पॉलिस्टरचंही. ‘मटेरियल: सॅटिन’ एवढंच आलं तर ती जागा अर्धी रिकामी आहे असं समजा आणि तंतू कोणता ते विचारा. आर्ट सिल्क म्हणजे कलाकुसरीचं रेशीम नव्हे, कृत्रिम रेशीम. तेही व्हिस्कोस की पॉलिस्टर ते लेबलवर बघा.

इलॅस्टेन आणि स्पॅन्डेक्स, नायलॉन आणि पॉलिअमाइड: दोन्ही नावं ठेवायची का?

या जोड्यांतल्या दोन्ही नावांचा तंतू एकच आहे. फक्त अमेरिकेत एक नाव रूढ आहे आणि युरोपात दुसरं. व्हिस्कोस आणि रेयॉनचंही जवळपास तेच. लायक्रा हे तर तंतूचं नावच नाही, तो इलॅस्टेनचा एक ब्रँड आहे, आणि विक्रेत्याने खरोखर तोच वापरला असल्याशिवाय ते नाव लिहू नये.

तुमच्या शब्दसूचीत प्रत्येक तंतूला एकच मराठी नाव ठरवा आणि सगळ्या लिस्टिंगमध्ये तेच चालवा. नाहीतर एकच लेगिंग दोन रंगांत घेणारा माणूस विचारतो की काळ्यात स्पॅन्डेक्स आणि निळ्यात इलॅस्टेन, हा फरक का? मोडाल आणि लायोसेल मात्र व्हिस्कोसमध्ये मिसळून टाकू नका. ते त्याच कुळातले असले तरी लेबलवर वेगळे लिहिले जातात.

‘१००% कॉटन’ असताना आत पॉलिस्टरचं अस्तर निघालं. चूक कोणाची?

बहुधा भाषांतरात गळलेल्या एका शब्दाची. इंग्रजी लेबलवर शेल, लायनिंग, फिल अशा वेगळ्या ओळी असतात. मराठीत त्या ‘बाहेरचं कापड’, ‘अस्तर’ आणि ‘भराव’ होतात, आणि तिन्ही ओळी राहायला हव्यात. ‘एक्सक्लुझिव्ह ऑफ डेकोरेशन’ ही बारीक ओळही सोडू नका. ‘लेस आणि नक्षी वगळून’ असं लिहा. टक्केवारी वजनाची असते, क्षेत्रफळाची नाही. म्हणून जड जरीकाम असलेल्या कपड्यात ही ओळ गळाली की सगळं गणित खोटं पडतं.

बांबूचं कापड, व्हेगन लेदर अशा नावांचं काय करायचं?

बांबूचा लगदा रसायनांत विरघळवून त्याचा धागा काढला की तयार होतो तो रेयॉन. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये अशा कपड्यांना नुसतं ‘बांबू’ म्हणणाऱ्या विक्रेत्यांवर कारवाई केली आणि ‘बांबूपासून बनवलेलं रेयॉन’ असं लिहायला लावलं. मराठीतही तेच लिहा, ‘बांबूचं नैसर्गिक कापड’ नको. व्हेगन लेदर बहुतेक वेळा कापडावर पॉलियुरेथेनचा थर देऊन केलेलं असतं. ‘वनस्पतिजन्य चामडं’ म्हटलं तर ते सरळ खोटं ठरू शकतं. ‘कृत्रिम लेदर’ आणि पुढे थर कशाचा ते.

धुण्याची चिन्हं जगभर सारखी असतात, मग मजकूर भाषांतरित करायची गरज काय?

चिन्हं जगभर सारखी नाहीत, आणि ती वाचता येणारे कमी. आयएसओ ३७५८ या मानकात धुण्यासाठी पाण्याचा टब, ब्लीचसाठी त्रिकोण, वाळवण्यासाठी चौकोन, इस्त्रीसाठी इस्त्री आणि व्यावसायिक धुलाईसाठी वर्तुळ आहे. टबमधला आकडा हा जास्तीत जास्त तापमान सांगतो. तेवढ्याच गरम पाण्यात धुवायला हवं असं तो म्हणत नाही, म्हणून मराठीत ‘४० अंशांवर धुवा’ नको, ‘४० अंशांपेक्षा गरम पाणी नको’ असं हवं. अमेरिकी पद्धतीत आकड्याऐवजी ठिपके येतात. टबखालची एक रेघ म्हणजे मशीनचं सौम्य चक्र आणि दोन रेघा म्हणजे आणखी सौम्य. ही रेघ भाषांतरात जवळजवळ नेहमीच हरवते, कारण ती शब्द नसते.

‘कोल्ड’, ‘वॉर्म’, ‘कूल आयर्न’ यांना थंड, गरम, थंड इस्त्री म्हणावं का?

‘थंड इस्त्री’ वाचून कोणीही विचारेल की मग करायची कशाला. अमेरिकी नियमांत या शब्दांना ठरलेले आकडे आहेत: कोल्ड म्हणजे ३० अंश सेल्सिअसपर्यंत, वॉर्म ३१ ते ४४ आणि हॉट ४५ ते ६३. तेव्हा कोल्डसाठी ‘नळाचं साधं पाणी (३० अंशांपर्यंत)’, वॉर्मसाठी ‘कोमट पाणी (४४ अंशांपर्यंत)’ आणि हॉटसाठी ‘गरम पाणी’, आकड्यासह. ‘थंड’ लिहिलं तर काही जण बर्फासारखं पाणी शोधतात आणि त्यात पावडर नीट विरघळत नाही.

इस्त्रीला आकडा देण्यापेक्षा ठिपका द्या, कारण इस्त्रीच्या चकतीवर ठिपकेच असतात. कूल आयर्न म्हणजे ‘सर्वांत कमी उष्णता, एक ठिपका’. ‘ऑन रिव्हर्स’ म्हणजे ‘कपडा उलटा करून, आतल्या बाजूने’. नुसतं ‘उलट बाजूने’ लिहिलं तर काही जण पाठीची बाजू समजतात.

वाळवण्याचे इतके प्रकार मराठीत वेगळे कसे ठेवायचे?

एकेका सूचनेमागे काय बिघडू नये असा हेतू आहे ते पाहिलं की शब्द सुचतो. ड्राय फ्लॅट का? ओला विणलेला कपडा पाणी धरून जड होतो, आणि दोरीवर टाकला की स्वतःच्याच वजनाने ओघळून लांबतो. म्हणून ‘सपाट जागेवर पसरून वाळवा, दोरीवर टांगू नका’ असं पुरतं लिहा. ‘पसरून वाळवा’ एवढंच म्हटलं तर ते दोरीवर पसरणंही होतं. लाइन ड्राय म्हणजे दोरीवर वाळत घालणं. ड्रिप ड्राय म्हणजे न पिळता, पाणी गळत असतानाच टांगणं. ‘ड्राय इन शेड’ला ‘सावलीत’ हा एकच शब्द पुरतो.

‘हँड वॉश’चं ‘हाताने धुवा’ हे बरोबर असूनही अपुरं आहे. मराठीत हाताने धुणं म्हणजे साबण लावून चोळणं, ब्रश मारणं, आपटणं, पिळणं हे सगळं आलं. लेबलला अभिप्रेत असतं ते पाण्यात बुडवून हलक्या हाताने दाबणं. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात, कपडा आटतो आणि जाड होतो, मग काही केल्या पूर्ववत होत नाही. म्हणून ‘चोळू नका, पिळू नका’ हे शब्द जोडणं ही भाषांतरकाराची भर नाही, मूळ सूचनेचाच तो भाग आहे. तरीही विक्रेत्याची संमती एकदा घेऊन ठेवा.

‘ओन्ली’, ‘अव्हॉइड’, ‘डू नॉट’: यांत किती काटेकोर राहायचं?

पूर्ण. ‘ड्राय क्लीन’ आणि ‘ड्राय क्लीन ओन्ली’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. पहिलीत ती पद्धत चालते एवढंच, दुसरीत घरी धुवायची मनाई आहे. दुसरीसाठी ‘फक्त ड्राय क्लीन, घरी धुवू नका’. ‘डू नॉट’ला ‘नका’ आणि ‘अव्हॉइड’ला ‘शक्यतो टाळा’. सगळीकडे सौम्य ‘टाळा’ लिहिलं की मनाईची धार जाते.

एक अडचण मराठीची खास आहे. नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि मोबाइलवर ओळ शेवटीच तुटते. ‘हा स्वेटर धुतल्यानंतर ड्रायरमध्ये उच्च तापमानावर वाळवू नका’ ही ओळ ‘…ड्रायरमध्ये उच्च तापमानावर वाळवू’पाशी कापली गेली तर अर्थ उलटा होतो. नकाराच्या ओळी तीनचार शब्दांच्या ठेवा: ‘ड्रायर नको’, ‘ब्लीच नको’, ‘पिळू नका’. प्रत्येक ओळ लहान फोनवर उघडून बघा.

‘रंग जाऊ शकतो’ यात काय चुकलं?

दोन वेगळे बिघाड एका शब्दात मिसळले. इंग्रजीत ब्लीड म्हणजे रंग पाण्यात उतरून दुसऱ्या कपड्यांना लागणं आणि फेड म्हणजे कपडा फिका पडणं. मराठीत दोन्हींना ‘रंग जातो’. पहिल्यासाठी ‘पहिल्या काही धुलाईत रंग उतरू शकतो, वेगळा धुवा’, दुसऱ्यासाठी ‘उन्हात फिका पडू शकतो’. वाचणाऱ्याने करायची गोष्ट दोन्हींत निराळी आहे.

स्वेटरचं पूर्ण मराठी लिस्टिंग शेवटी कसं दिसेल?

विक्रेत्याने लेबलचं प्रमाण आणि सैली कळवल्यानंतर, असं:

अ‍ॅक्रिलिक-लोकर मिश्र विणलेला स्वेटर, मऊ
साइज: `M`
अंगाचं माप, छातीभोवती: ३६ इंच (९१.५ सेंमी)
कपड्याचं माप, छातीचा पूर्ण घेर: ४० इंच (१०१.५ सेंमी)
कपड्याची लांबी, खांद्याच्या वरच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत: २६ इंच (६६ सेंमी)
कापड: ७०% अ‍ॅक्रिलिक, ३०% लोकर
हाताने धुवा, साध्या पाण्यात (३० अंशांपर्यंत)
चोळू नका, पिळू नका
सपाट जागेवर पसरून वाळवा, टांगू नका
ड्रायर नको
इस्त्री: एक ठिपका, कपडा उलटा करून

इस्त्रीची ओळ बिनमहत्त्वाची वाटते, पण या कपड्यात ७०% अ‍ॅक्रिलिक आहे. जास्त उष्णतेने ते लोळागोळा होतं आणि वीण चपटी होऊन तशीच राहते.

भाषांतर बरोबर झालं हे तपासायचं कसं?

दोन्ही मजकूर समोर ठेवून वाचणारा माणूस चुका पाहू शकत नाही, कारण त्याला इंग्रजी आधीच माहीत असतं. ज्याने मूळ पाहिलेलं नाही अशा एकाला फक्त मराठी द्या आणि चार प्रश्न विचारा. स्वतःसाठी कोणता साइज मागवशील? टेप कुठे धरशील? यात लोकर किती? धुऊन झाल्यावर कपडा कुठे आणि कसा ठेवशील? हेच प्रश्न फक्त इंग्रजी वाचणाऱ्या दुसऱ्याला विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर ज्या ओळीवर फाटा फुटला ती पुन्हा लिहा. दोघांचीही उत्तरं चुकली तर दोष इंग्रजीत आहे.

आकड्यांसाठी वेगळी फेरी करा: दोन्ही बाजूंचे सगळे आकडे क्रमाने एका रकान्यात काढा. मराठीत जिथे जास्त आकडा दिसेल, जसे इथे ३६ आणि ४०, तिथे तो कुठून आला हे कोणालातरी सांगता यायला हवं. पान सुरू झाल्यावर परतीची कारणं भाषेनुसार वेगळी काढा. एकाच कपड्यात ‘लहान आला’ ही तक्रार मराठी पानावरून जास्त येत असेल तर माप-तक्त्याची शीर्षकं आधी बघा. कपड्याचं माप अंगाचं म्हणून वाचलं जात असण्याची शक्यता सर्वांत मोठी.

विक्रेत्याने कापड बदललं तर?

नव्या खेपेत ७०:३० चं ८०:२० झालं आणि इंग्रजी पान बदललं, की मराठी पान जुनंच राहतं. म्हणून टक्केवारी आणि मापं वर्णनाच्या वाक्यांत विणू नका, ती आपापल्या रकान्यातच ठेवा. दोन्ही भाषांची पानं तो रकाना एकाच ठिकाणाहून उचलतील. ‘लोकरीची ऊब’ असं वाक्य वर्णनात असेल तर ते मात्र हातानेच शोधून काढावं लागतं.